26,233 कोटींपैकी धंद्याचे किती? इन्फोसिसचा 2023-24चा वार्षिक अहवाल एका पानात

घरात इन्फोसिसचे 50 शेअर आहेत, कंपनीचा 2023-24चा वार्षिक अहवाल ई-मेलने आला आहे, आणि त्याचा एका पानाचा सारांश करायचा आहे. अहवाल शेकडो पानांचा आहे. सुरुवातीची पाने रंगीत आणि मोठ्या आकड्यांची, शेवटची बारीक टाइपातली. छोट्या गुंतवणूकदाराच्या कामाचे बहुतेक सगळे त्या बारीक टाइपात असते. रंगीत पाने वाचूनच थांबलेला सारांश खोटा नसतो, पण अपुरा असतो, आणि या वर्षी तो नेमका किती अपुरा ठरतो हे मोजता येते.

मथळ्याचे आकडे असे. विक्री 1,53,670 कोटी रुपये, आधीच्या वर्षी 1,46,767 कोटी, म्हणजे वाढ 4.7 टक्के. निव्वळ नफा 26,233 कोटी, आधी 24,095 कोटी, वाढ 8.9 टक्के. प्रतिशेअर मिळकत 63 रुपये 39 पैसे, आधी 57 रुपये 63 पैसे, वाढ 10 टक्के. बहुतेक सारांश इथेच संपतात. पण हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले की एक प्रश्न आपोआप पडतो. विक्री पावणेपाच टक्क्यांनी वाढली, तर नफा नऊ टक्क्यांनी कसा वाढला? एक तर धंदा जास्त किफायतशीर झाला असेल, नाही तर धंद्याबाहेरून पैसे आले असतील. यातले पहिले पुढच्या वर्षीही टिकू शकते. दुसऱ्याचा भरवसा नाही. सारांशाचे खरे काम हे दोन वेगळे करणे.

आधी कोणती पत्रके, ते ठरवा

अहवालात नफातोटा पत्रक दोनदा येते. एक फक्त मूळ कंपनीचे, म्हणजे स्टँडअलोन, आणि दुसरे उपकंपन्या धरून, म्हणजे कन्सॉलिडेटेड. आपल्याकडच्या अहवालांत स्टँडअलोन सहसा आधी असते, त्यामुळे घाईत पान उघडणारा तेच उचलतो. इथे ती चूक महागात पडते. इन्फोसिसचा स्टँडअलोन नफा 27,234 कोटी आहे, म्हणजे सगळ्या उपकंपन्या धरून झालेल्या नफ्यापेक्षा तो जास्त आहे. आधीच्या वर्षी तो 23,268 कोटी होता. हे आकडे घेतले तर नफ्यात 17 टक्के वाढ दिसते.

भाग संपूर्णापेक्षा मोठा कसा? उपकंपनीने मूळ कंपनीला लाभांश दिला की मूळ कंपनीच्या पुस्तकात ते उत्पन्न होते. कन्सॉलिडेटेड पत्रकात मात्र ते डाव्या खिशातून उजव्या खिशात गेलेले पैसे ठरतात आणि वजा होतात. भागधारकाची मालकी सगळ्या समूहावर असते, म्हणून सारांशात आकडे कन्सॉलिडेटेडचेच घ्यावेत, आणि तसे पहिल्याच ओळीत लिहावे. एक आकडा इकडचा आणि एक तिकडचा, अशी सरमिसळ झाली की पुढचे सगळे गणित वाया जाते. ती पकडण्याचा सोपा उपाय म्हणजे विक्रीचा आकडा पाहणे. स्टँडअलोनची विक्री 1,28,933 कोटी आहे. पान कुठलेही असो, वर हा आकडा दिसला तर आपण चुकीच्या पत्रकात आहोत.

नफ्याची वाढ कुठून आली

आपल्या पद्धतीच्या नफातोटा पत्रकात धंद्याचा नफा अशी स्वतंत्र ओळ छापलेली नसते. ती उलट्या बाजूने काढावी लागते. करपूर्व नफ्यातून इतर उत्पन्न वजा करायचे आणि वित्त खर्च परत मिळवायचा.

```
धंद्याचा नफा = करपूर्व नफा - इतर उत्पन्न + वित्त खर्च
2023-24 : 35,988 - 4,711 + 470 = 31,747 कोटी
2022-23 : 33,322 - 2,701 + 284 = 30,905 कोटी
```

धंद्याचा नफा 842 कोटींनी, म्हणजे 2.7 टक्क्यांनी वाढला. विक्री त्यापेक्षा जास्त वाढली होती, म्हणजे धंदा किफायतशीर झाला हे उत्तर इथेच बाद होते. विक्रीच्या प्रत्येक 100 रुपयांमागे धंद्याचा नफा 21 रुपये 10 पैसे होता, तो 20 रुपये 70 पैशांवर आला आहे.

आता करपूर्व नफ्याची पूर्ण वाढ घ्या. ती 2,666 कोटींची आहे. त्यात धंद्याने 842 कोटी घातले, इतर उत्पन्नाने 2,010 कोटी घातले, आणि वित्त खर्च वाढल्यामुळे 186 कोटी गेले. बेरीज बरोबर 2,666 येते. हा ताळा जुळला की आपण योग्य ओळी उचलल्या असे समजायला हरकत नाही. जुळला नाही, तर एखादा आकडा दुसऱ्या पत्रकातून किंवा तिमाहीच्या स्तंभातून आलेला असतो.

वाढीचा तीन चतुर्थांश भाग इतर उत्पन्नातून आला, एवढे कळल्यावर त्या ओळीपाशी थांबावेच लागते. पीडीएफमध्ये `Other income` शोधून तिची टीप उघडायची. इतर उत्पन्नात बँकेतल्या ठेवी आणि रोखे यांवरचे व्याज असते, परकीय चलनातला नफातोटा असतो. ते दर वर्षी थोडेफार येते. पण एका वर्षात ते 2,701 वरून 4,711 कोटींवर गेले ते ठेवींमुळे नव्हे.

कारण आयकर परताव्याचे आहे. जानेवारी ते मार्च 2024 या तिमाहीत कंपनीला आयकर खात्याचे आदेश मिळाले. ते 2007-08 ते 2015-16, 2017-18 आणि 2018-19 या आकारणी वर्षांचे होते. वर्षानुवर्षे वादात असलेल्या काही मुद्द्यांवर कंपनीची बाजू मान्य झाली. त्यामुळे परताव्यावरचे 1,933 कोटी रुपयांचे व्याज या एका वर्षाच्या उत्पन्नात जमा झाले. शिवाय जुन्या वर्षांसाठी करून ठेवलेली 525 कोटींची करतरतूद परत फिरवली गेली. तीही नफ्यातच मिळाली, पण दुसऱ्या ओळीतून: तिने कराचा खर्च तेवढा कमी दाखवला. इतर उत्पन्नाची टीप वाचून थांबणाऱ्याच्या हातून हे 525 कोटी निसटतात. म्हणून कराची टीपही पाहायची.

आता हे दोन्ही बाजूला काढून नफा मोजू. व्याजावर कर लागतो, आणि त्याचा दर कोणता धरायचा यात थोडे मतांतर होऊ शकते. कंपनीचा त्या वर्षीचा सरासरी दर 27 टक्के आहे, कायद्याने लागू असलेला दर साधारण 35 टक्के. पहिला धरला तर करानंतरचे व्याज 1,410 कोटींच्या आसपास उरते, दुसरा धरला तर 1,255 कोटींच्या. त्यात 525 मिळवले की एकदाच आलेली रक्कम 1,780 ते 1,940 कोटी. ती वजा केल्यावर नफा 24,300 ते 24,450 कोटींच्या दरम्यान येतो. आधीच्या वर्षीच्या 24,095 कोटींशी तुलना केली तर वाढ साधारण एक टक्का. नऊचा एक झाला.

सारांशात इथे पल्लाच लिहावा. नेमका आकडा लिहिण्याचा मोह होतो, पण दराची निवड आपली आहे, कंपनीची नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळले पाहिजे.

50 शेअरवाल्याच्या भाषेत सांगायचे तर 63 रुपये 39 पैशांच्या मिळकतीतले साडेचार रुपयांच्या आसपास एकदाचे आहेत. उरलेली मिळकत 59 रुपयांच्या घरात. मार्च 2024च्या अखेरीस शेअर 1,500 रुपयांच्या आसपास होता. छापील मिळकतीवर हा भाव 23.7 पट दिसतो, धंद्याच्या मिळकतीवर साडेपंचवीस पट. भाव एकच, पण स्वस्त की महाग हे मोजणारी पट्टी बदलली.

प्रतिशेअर मिळकत नफ्यापेक्षाही जास्त, म्हणजे 10 टक्के वाढलेली दिसते, त्याचेही कारण धंद्यात नाही. कंपनीने 9,300 कोटींची शेअर पुनर्खरेदी फेब्रुवारी 2023मध्ये पूर्ण केली. शेअर कमी झाले, म्हणून तोच नफा कमी शेअरांत वाटला गेला. हे भागधारकाच्या हिताचेच आहे, फक्त त्याला वाढ म्हणताना जपून.

विक्रीच्या वाढीत रुपयाचा वाटा

विक्री 4.7 टक्के वाढली, हा आकडाही एकदा उलटून पाहावा लागतो. इन्फोसिसची नाळ पुण्याशी आहे, कंपनी 1981मध्ये इथेच सुरू झाली. पण तिच्या विक्रीतला भारताचा वाटा अगदी थोडा आहे. सुमारे 60 टक्के विक्री उत्तर अमेरिकेत होते. कमाई डॉलर आणि युरोत, हिशेब रुपयांत.

डॉलरमध्ये विक्री 18,212 दशलक्ष होती, ती 18,562 दशलक्ष झाली. वाढ 1.9 टक्के. रुपयांचा आकडा डॉलरच्या आकड्याने भागला तर आधीच्या वर्षी सरासरी डॉलर 80 रुपये 60 पैशांना पडला होता, या वर्षी 82 रुपये 80 पैशांना. म्हणजे 4.7 टक्क्यांतला मोठा भाग रुपया घसरल्याचा. डॉलर आणि इतर चलनांतली चढउतारही काढून टाकली, ज्याला स्थिर चलनदर म्हणतात, तर वाढ उरते 1.4 टक्के. आयटी कंपनीच्या सारांशात विक्रीची वाढ म्हणून हाच आकडा पहिला यावा. रुपयांतला आकडा त्याच्यामागे.

येणी वाढली, घाबरायचे का?

ताळेबंदात ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम 25,424 कोटींवरून 30,193 कोटी झाली आहे. विक्री 4.7 टक्के वाढली आणि येणी जवळपास 19 टक्के. दिवसांत मोजले तर आधी साधारण 63 दिवसांची विक्री अडकलेली होती, आता 72 दिवसांची. हिशेब वाचायला शिकलेला माणूस इथे हमखास लाल शेरा मारतो. बिले फाडली, पैसे येत नाहीत, हे अनेक कंपन्यांच्या घसरणीचे पहिले लक्षण असते, त्यामुळे शेरा मारणे चूक नाही. पण इथे एक पाऊल पुढे जावे लागते.

आयटी कंपनीत केलेल्या कामाचे पैसे दोन अवस्थांत थांबतात. काम झाले पण बिल अजून पाठवले नाही, ते अनबिल्ड रेव्हेन्यू. बिल पाठवले पण पैसे आले नाहीत, ती येणी. पहिल्यातून रक्कम दुसऱ्यात जाते आणि मग बँकेत. `Unbilled revenue` शोधले तर ते टिपांत दोन ठिकाणी सापडते, वित्तीय मालमत्तेत आणि इतर मालमत्तेत, आणि बेरीज आपण करायची असते. चालू मालमत्तेतली ही बेरीज 15,289 कोटींवरून 12,768 कोटींवर उतरली आहे. आता दोन्ही अवस्था एकत्र घ्या. आधी 40,713 कोटी, आता 42,961 कोटी. वाढ साडेपाच टक्के, म्हणजे विक्रीच्या जवळपास बरोबरीने. अडकलेली रक्कम फारशी वाढलेली नाही, ती एका खणातून दुसऱ्या खणात सरकली आहे.

रोख प्रवाहाचे पत्रक हेच सांगते. धंद्यातून आलेली रोख 25,210 कोटी आहे, म्हणजे नफ्याच्या 96 टक्के. पुस्तकी नफा आणि हातात आलेले पैसे यांत मोठी दरी नाही. म्हणून सारांशात येण्यांवर एकच वाक्य पुरते, पण ते बेरजेसकट लिहायचे.

यात एक खाचही आहे. सेबीच्या नियमांप्रमाणे व्यवस्थापनाच्या चर्चेत काही ठराविक गुणोत्तरे 25 टक्के किंवा त्याहून जास्त बदलली तरच कारण देणे सक्तीचे असते, आणि येण्यांची उलाढाल त्या यादीत आहे. 63 दिवसांचे 72 होणे हा 13-14 टक्क्यांचा बदल. स्पष्टीकरण दिले नाही तरी नियम मोडत नाही. म्हणजे अहवालात कारण दिलेले नाही याचा अर्थ काही घडले नाही, असा होत नाही.

व्यवस्थापन काय म्हणते, आणि आधी काय म्हणाले होते

व्यवस्थापनाची चर्चा हा भाग एकट्याने वाचला तर त्यातून फारसे हाती लागत नाही. ती आधीच्या वर्षीच्या बोलण्याशेजारी ठेवून वाचावी. एप्रिल 2023मध्ये इन्फोसिसने 2023-24साठी स्थिर चलनदराने 4 ते 7 टक्के वाढीचा अंदाज दिला होता. जुलैत तो 1 ते 3.5 टक्क्यांवर आणला. ऑक्टोबरमध्ये वरची मर्यादा अडीचवर आली. जानेवारी 2024मध्ये, वर्षाचे तीन महिने उरले असताना, पल्ला दीड ते दोन टक्क्यांचा झाला. प्रत्यक्षात 1.4 टक्के. शेवटचा, सर्वांत खाली आणलेला अंदाजही हुकला. अहवालात ही घसरण एका परिच्छेदात मांडलेली नसते. चार तिमाहींची प्रसिद्धिपत्रके उघडून ती जुळवावी लागते, आणि अर्ध्या तासाच्या या कामातून मिळते तेवढे दुसऱ्या कुठल्याही पानातून मिळत नाही.

दुसरीकडे अहवालात अभिमानाने येणारा आकडा आहे मोठ्या कंत्राटांचा: 17.7 अब्ज डॉलर, कंपनीच्या इतिहासातला सर्वाधिक, त्यातली 52 टक्के नवी. आधीच्या वर्षी 9.8 अब्ज डॉलरची कंत्राटे होती. हा आकडा खरा आहे आणि चांगलाही आहे. पण तो विक्रीशेजारी ठेवला तर घोटाळा होतो. वर्षाची विक्री साडेअठरा अब्ज डॉलर आणि मोठी कंत्राटे 17.7 अब्ज, मग पुढच्या वर्षी विक्री दुप्पट होणार का? नाही. कंत्राटाची रक्कम त्याच्या सगळ्या वर्षांची मिळून असते. त्यातला 48 टक्के भाग जुन्याच कामाचे नूतनीकरण आहे. उरलेले 9.2 अब्ज उदाहरणादाखल पाच वर्षांत वाटले, तर वर्षाला 1.8 अब्ज येतात, आणि त्याच वेळी जुनी कामे संपत असतात, ग्राहक छोट्या प्रकल्पांना कात्री लावत असतात. निव्वळ वाढ त्या दोन्हींतला फरक. कंपनीला हे अर्थातच ठाऊक होते, कारण एवढी कंत्राटे हातात असताना तिने 2024-25साठी अंदाज दिला तो फक्त 1 ते 3 टक्क्यांचा. सारांशात 17.7 अब्ज लिहायचे असतील तर हा अंदाज त्याच वाक्यात हवा.

मनुष्यबळाचा आकडा याला दुजोरा देतो. वर्षभरात कर्मचारी 3,43,234 वरून 3,17,240 झाले, म्हणजे जवळपास 26,000 कमी. नोकरी सोडून जाण्याचे प्रमाणही 12.6 टक्क्यांवर उतरले, आणि अहवाल ते स्थैर्य म्हणून मांडतो. तेही खरे. पण लोक कमी सोडून जात असताना एकूण संख्या घटते, याचा अर्थ सोडून गेलेल्यांच्या जागी पुरेशी नवी भरती केली गेली नाही. ज्या कंपनीला मागणीचा भरवसा असतो, ती असे सहसा करत नाही.

जोखमींच्या यादीतून कोणत्या निवडायच्या

जोखमींचे प्रकरण हे अहवालातले सर्वांत कंटाळवाणे प्रकरण. स्पर्धा, चलनदर, व्हिसाचे नियम, सायबर हल्ले, नवे तंत्रज्ञान, कुशल माणसांची टंचाई. यातले एकही वाक्य खोटे नाही आणि बहुतेक वाक्ये कुठल्याही आयटी कंपनीला लागू पडतात. त्यांची यादी सारांशात उतरवणे म्हणजे जागा वाया घालवणे. निवड करायची एक पद्धत चांगली चालते: जोखमींच्या प्रकरणात जे लिहिले आहे, त्याची खूण यंदाच्या टिपांत कुठे दिसते का ते शोधायचे. खूण दिसली तर जोखीम लिहायची.

सायबर हल्ल्याची खूण दिसते. नोव्हेंबर 2023मध्ये इन्फोसिस मॅककॅमिश सिस्टिम्स या अमेरिकेतल्या उपकंपनीवर सायबर हल्ला झाला आणि काही यंत्रणा बंद पडल्या. `McCamish` शोधले की कायदेशीर कारवायांच्या टिपेत ती घटना सापडते, सोबत अमेरिकेत दाखल झालेल्या सामूहिक दाव्याचा उल्लेख आणि पुढचा संभाव्य खर्च सध्या ठरवता येत नाही असे विधान. असे विधान वाचून दोन चुका होतात. एक म्हणजे आकडा नाही म्हणून ओळ गाळणे. दुसरी म्हणजे आकडा नाही म्हणून धास्तावणे. सारांशात एवढेच लिहावे: घटना घडली आहे, दावा सुरू आहे, रक्कम ठरलेली नाही, पुढच्या अहवालात पाहायचे. या प्रकरणात ते पुढे कळले. मार्च 2025मध्ये दावे 17.5 दशलक्ष डॉलर देऊन मिटवण्याचे ठरले. रुपयांत ते दीडशे कोटींच्या आसपास, नफ्याच्या एक टक्क्याहूनही कमी.

दुसरी खूण करांच्या वादांची. `Contingent liabilities` म्हणजे संभाव्य देणी, जी ताळेबंदाच्या बेरजेत धरलेली नसतात. आयकराचे वाद मिटल्यामुळे यातून 1,628 कोटी कमी झाले, ही या वर्षीची चांगली बातमी. पण ज्या कंपनीला 2007-08चा आयकराचा वाद सुटायला 2024 उजाडावे लागले, तिच्या बाबतीत करांचे वाद नेहमीचेच, असे धरून चालावे.

आणि इथेच अहवालाची मर्यादा दिसते. वार्षिक सभा 26 जून 2024ला झाली. जुलैच्या अखेरीस कंपनीने शेअर बाजाराला कळवले की जुलै 2017 ते मार्च 2022 या काळातल्या परदेशी शाखांच्या खर्चावरून तिला 32,403 कोटी रुपयांच्या जीएसटीची पूर्वसूचना मिळाली आहे. वर्षाच्या पूर्ण नफ्यापेक्षा मोठी रक्कम, आणि अहवालात तिचा मागमूसही नाही, कारण तेव्हा ती नव्हतीच. पुढे ऑगस्ट 2024मध्ये पहिल्या वर्षाचे आणि जून 2025मध्ये उरलेल्या वर्षांचे प्रकरण बंद झाले. पण मधले दहा महिने कुठलाही सारांश, कितीही नेटका असला तरी, यावर गप्प होता. म्हणून सारांशावर तो केल्याची तारीख घालावी, आणि कंपनीने शेअर बाजाराला त्या तारखेपर्यंत कळवलेल्या गोष्टी एकदा चाळाव्यात.

लेखापरीक्षकांचा अहवाल इथे लवकर उरकतो. मत स्वच्छ आहे. त्यांनी मुख्य मुद्दा म्हणून नोंदवले आहे ते ठरावीक किमतीच्या कंत्राटांचे उत्पन्न, कारण तिथे किती काम झाले याचा अंदाज करून विक्री धरली जाते. येण्यांच्या वर केलेल्या हिशेबाशी हा मुद्दा जोडून ठेवावा, बाकी काही करायचे नाही.

पान असे तयार होते

इन्फोसिस, 2023-24, सर्व आकडे कन्सॉलिडेटेड, सारांश जून 2024.

विक्री स्थिर चलनदराने 1.4 टक्के वाढली, रुपयांत 4.7 टक्के, 1,53,670 कोटी. धंद्याचा नफा 31,747 कोटी, वाढ 2.7 टक्के, विक्रीच्या 20.7 टक्के, आधी 21.1. छापील निव्वळ नफा 26,233 कोटी, पण त्यात आयकर परताव्याचे व्याज आणि फिरवलेली तरतूद मिळून 1,780 ते 1,940 कोटी एकदाचे. ते सोडून वाढ सुमारे 1 टक्का. प्रतिशेअर मिळकत छापील 63.39 रुपये, एकदाचे सोडून सुमारे 59.

धंद्यातून रोख 25,210 कोटी, नफ्याच्या 96 टक्के. येणी 19 टक्के वाढली, पण बिल न केलेली रक्कम घटली. दोन्ही मिळून वाढ साडेपाच टक्के. लाभांश 46 रुपये, त्यातले 8 रुपये विशेष; 50 शेअरवर 2,300 रुपये, विशेष वगळता 1,900.

वर्षाच्या सुरुवातीचा अंदाज 4 ते 7 टक्के होता, प्रत्यक्षात 1.4. मोठी कंत्राटे 17.7 अब्ज डॉलर, निम्म्याहून थोडी जास्त नवी; तरी पुढच्या वर्षाचा अंदाज 1 ते 3 टक्के. कर्मचारी 26,000ने कमी.

लक्ष ठेवायचे: मॅककॅमिश दावा, करांचे वाद, अमेरिकेतली मागणी.

एक वर्षानंतर

2024-25च्या अहवालात विक्री 1,62,990 कोटी आहे आणि निव्वळ नफा 26,713 कोटी. नफ्याची वाढ 1.8 टक्के. मथळे वाचणाऱ्याला कंपनी थबकल्यासारखी वाटते. तेच सूत्र लावले तर करपूर्व नफा 37,608, त्यातून इतर उत्पन्न 3,600 वजा, वित्त खर्च 416 अधिक, म्हणजे धंद्याचा नफा 34,424 कोटी. वाढ 8.4 टक्के. स्थिर चलनदराने विक्री 4.2 टक्के वाढली, 1 ते 3 टक्क्यांच्या अंदाजापेक्षा जास्त. त्यात वर्षभरात विकत घेतलेल्या कंपनीचाही थोडा वाटा आहे. आधीच्या वर्षी नऊ टक्के दाखवणाऱ्या मथळ्याच्या आत पावणेतीन होते, या वर्षी दोनच्या आत साडेआठच्या जवळ आहेत. एकदाचे आलेले पैसे ज्या वर्षी येतात त्या वर्षी आकडा फुगवतात, आणि पुढच्या वर्षी तुलनेला तोच फुगलेला आकडा उभा असतो. ज्याने पहिल्या वर्षीच्या पानावर 1,933 आणि 525 हे दोन आकडे टिपून ठेवले होते, त्याला दुसऱ्या वर्षीचे हे गणित दोन मिनिटांत सुटते.